चित्र-पुस्तकात रेषा मध्येच जाड का दिसते? फरक कुठून आला ते शोधण्याची पद्धत

पुस्तकाचा लेआउट पूर्ण होतो, पहिलं प्रूफ टेबलावर येतं आणि पान उलटता उलटता कुणीतरी थांबून म्हणतं, "इथली मुलगी वेगळी वाटते." चेहरा तोच असतो, फ्रॉकही तोच. चित्रकार म्हणतो की पेन एकच होतं आणि हातही माझाच. तो खरंच बोलत असतो, आणि पान बघणाऱ्यालाही जे दिसतं ते खरंच असतं. हाताने काढलेल्या चित्रांच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ही तक्रार येते. ती आली की बहुतेक जण थेट चित्र दुरुस्त करायला बसतात, आणि तिथेच काम बिघडतं, कारण फरक कुठून आला हे अजून कळलेलं नसतं.

रेषेची जाडी तीन ठिकाणी बदलू शकते: चित्र छपाईच्या मापाला आणताना, स्कॅन करताना आणि कागदावर काढताना. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नुसतं बघून यातलं कुठलं कारण आहे ते सांगता येत नाही, पण पानं वेगवेगळ्या क्रमाने लावली तर सांगता येतं. जाडी मूळ चित्राच्या आकाराप्रमाणे बदलत असेल तर कारण लहान-मोठं करण्यात आहे. स्कॅनच्या गठ्ठ्याप्रमाणे बदलत असेल तर स्कॅनमध्ये आहे. चित्रं ज्या तारखांना काढली त्या क्रमाने हळूहळू बदलत असेल तर निबमध्ये किंवा हातात आहे. पुस्तकाच्या पानांच्या क्रमाने बघितलं की ही तिन्ही कारणं एकमेकांत मिसळतात आणि काहीच हाती लागत नाही.

म्हणून चित्रकाराला पहिल्या दिवशी एवढंच सांगावं: प्रत्येक मूळ चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि पेनचा नंबर लिहा. पुढचा सगळा शोध यावर उभा राहतो.

आधी नीट बघायचं कसं

स्क्रीनवर निर्णय घेऊ नका. स्क्रीनवर एक पान ५० टक्क्यांवर दिसतं, दुसरं ६६ टक्क्यांवर, आणि डोळा त्या दोन रेषांची तुलना करत बसतो. सगळी पानं छपाईच्या खऱ्या मापात, एकाच प्रिंटरवर, एकाच कागदावर काढा. प्रिंटच्या खिडकीत `Fit` ऐवजी `Actual size` किंवा `100%` निवडलंय ना, तेवढं तपासा. लेझर प्रिंटरचा टोनर रेषा किंचित फुगवतो, पण सगळ्याच पानांवर सारखा फुगवतो, त्यामुळे तुलनेला अडचण येत नाही. फक्त त्या प्रिंटवरून "छापील रेषा अमुक मिलिमीटर" असं म्हणू नये.

आता पानं भिंतीवर लावा, दोन-अडीच मीटर मागे जा आणि डोळे बारीक करून बघा. एवढ्या अंतरावरून गोष्ट वाचता येत नाही, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, दिसतो तो फक्त काळेपणा. एखादं पान शेजारच्यांपेक्षा गडद किंवा फिकट दिसलं तर त्यावर खूण करा. मग पानं उलटी लावून पुन्हा बघा. चेहरे ओळखू येत असताना डोळा आधी पात्राकडे जातो, उलटी पानं बघताना तो रेषेकडे जातो.

त्यानंतर मोजायचं. मोजताना दरवेळी एकाच जागेची रेषा घ्यायची. मी मुख्य पात्राच्या कानापासून हनुवटीपर्यंतची कड घेतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक चित्रात असते आणि सगळेच चित्रकार ती आपल्या ठरलेल्या जाडीत काढतात. रेषेची सुरुवात आणि शेवट सोडून मधल्या तीन जागी मोजा आणि तीनपैकी मधला आकडा धरा. छापलेल्या कागदावर मोजायला आतून मापाची पट्टी असलेलं दहापटीचं भिंग लागतं, पण स्कॅन हाताशी असेल तर पिक्सेल मोजणं जास्त सोपं आणि नेमकं. स्कॅन मोठा करा, रेषेला आडवे किती पिक्सेल येतात ते मोजा आणि हा हिशोब करा:

```
छापील जाडी (मिमी) = पिक्सेल ÷ Effective PPI × 25.4
```

`Effective PPI` म्हणजे छापील मापात एका इंचात किती पिक्सेल बसतात तो आकडा. तो इनडिझाइनच्या `Links` पॅनेलमध्ये प्रत्येक चित्रासमोर मिळतो. तिथेच `Actual PPI` आणि `Scale` हेही दिसतात. सगळी चित्रं ६०० ने, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेलने, स्कॅन केली असतील तर हा एकच रकाना वाचून अर्धं निदान होतं: ज्या पानाचा `Effective PPI` इतरांपेक्षा वेगळा, ते पान वेगळ्या प्रमाणात लहान किंवा मोठं केलं गेलंय. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. कुणी लेआउटमध्ये टाकण्याआधीच फोटोशॉपमध्ये चित्राचं माप बदललं असेल, तर हा आकडा गप्प बसतो. अशा वेळी मूळ चित्र पट्टीने मोजून छापील मापाशी ताडून बघावं लागतं.

एक पुस्तक, सगळ्या आकड्यांसह

पुस्तक चोवीस पानी, पान २१ × २१ सेंटिमीटर, म्हणजे उघडलेला स्प्रेड ४२ × २१. एक मुलगी आणि तिची शेळी. मायक्रॉन ०८ पेन, ज्याची रेषा ०.५० मिमी असते, आणि सगळं ६०० ने स्कॅन केलेलं. ब्लीडचे, म्हणजे पानाच्या कडेला कापून जाणारे, तीन-तीन मिलिमीटर हिशोबातून वगळतो.

चित्रकाराने स्प्रेड ६० × ३० सेंटिमीटरच्या कागदावर काढले होते, त्यामुळे ते ७० टक्क्यांवर लहान झाले. एकेरी पानं २१ × २१ च्या मापातच काढली होती, म्हणजे १०० टक्के. मजकुराच्या कडेला येणारी छोटी चित्रं वहीच्या कागदावर काढली होती आणि जागा भरायची म्हणून डिझायनरने ती १२० टक्के मोठी केली. तिन्हींच्या स्कॅनमध्ये मुलीच्या हनुवटीची रेषा १२ पिक्सेल भरली. चित्रकाराचं म्हणणं इथे शब्दशः खरं ठरलं: पेन एकच, रेषा एकच. पण `Effective PPI` स्प्रेडला ८५७, एकेरी पानाला ६०० आणि छोट्या चित्राला ५००. हिशोब केला तर छापील रेषा अनुक्रमे ०.३६, ०.५१ आणि ०.६१ मिमी येते. पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र सगळ्यात बारीक रेषेत आणि सगळ्यात छोटं चित्र सगळ्यात जाड रेषेत. हे नेमकं उलटं झालं, म्हणून ते इतकं खुपत होतं.

किती फरक चालतो? हाताने काढलेल्या एकाच रेषेत दहा टक्के कमी-जास्त असतंच, तेवढ्याची काळजी करू नये. पाव हिस्सा फरक पडला की भिंतीवर लावलेल्या पानांत तो दिसतो. इथे तर बारीक आणि जाड रेषेत दीडपटीहून जास्त अंतर होतं.

यावर खरा उपाय एकच: सगळी मूळ चित्रं एकाच प्रमाणात काढणं. स्प्रेड ६० × ३० असेल तर एकेरी पान ३० × ३० च्या कागदावर काढायचं आणि छोटं चित्रही छापायच्या मापाच्या १.४३ पट मोठं काढायचं. ते जमणार नसेल तर पेन बदलायचं. स्प्रेडची रेषा ०.३५ च्या आसपास येते, तर १०० टक्क्यांवर छापायच्या चित्राला मायक्रॉन ०३ घ्यायचं, कारण त्याची रेषा ०.३५ असते. १२० टक्के वाढणाऱ्या चित्राला मायक्रॉन ०२, म्हणजे ०.३०, जे वाढून ०.३६ होतं. तांत्रिक ड्रॉइंगच्या पेनांची मापं ०.२५, ०.३५, ०.५०, ०.७० अशी का चढतात, ते इथे कळतं. ए-३ वरचं चित्र ए-४ वर आणलं की ते ७१ टक्के होतं, आणि ०.५० ची रेषा बरोबर एक पायरी खालच्या पेनाच्या ०.३५ वर येऊन बसते. ही मालिका याच हिशोबाने आखलेली आहे. चित्रकार ए-३ आणि ए-४ दोन्ही कागद वापरणार असेल तर त्याला हे पेन निवडायच्या आधी सांगावं.

पुन्हा काढायला वेळ नसतो तेव्हा फोटोशॉपमधून रेषा बारीक करायचा मोह होतो. `Filter > Other > Maximum` पांढरा भाग पसरवतो, म्हणजे काळी रेषा दोन्ही बाजूंनी खातो. १२ पिक्सेलच्या रेषेवर `Radius` २ लावला की ८ पिक्सेल उरतात, म्हणजे एकेरी पानावर ०.३४ मिमी, आणि हनुवटीपुरतं हे अगदी हवं तसं दिसतं. पण त्याच चित्रातले शेळीचे केस बारीक पेनने काढलेले, ५ पिक्सेलचे. त्यांचेही चार पिक्सेल जातात आणि उरतो एक. छपाईत तो दिसेलच असं नाही. पापण्या जातात, आणि निमुळती होत गेलेली रेषांची टोकं बोथट होऊन तुटतात. रेषा बारीक होते, पण हाताची राहत नाही. हा उपाय मी फक्त अशा छोट्या चित्रांना लावतो ज्यांत एकाच जाडीची कड आहे आणि आत काही बारीक काम नाही. बाकी चित्रं खालून उजेड येणाऱ्या लाइट बॉक्सवर ठेवून पुन्हा काढलेली बरी, त्यातल्या एका धोक्याबद्दल पुढे लिहितो.

माप सारखं, तरी गठ्ठा वेगळा

प्रमाण ठीक केल्यावर याच पुस्तकात दोन स्प्रेड उरले. आकार तोच, `Effective PPI` ८५७, तरी हनुवटीची रेषा १५ पिक्सेल, म्हणजे ०.४४ मिमी. मूळ कागदावर भिंग धरून बघितलं तर रेषा इतर चित्रांइतकीच होती. पानं स्कॅनच्या तारखेने लावली आणि लगेच उत्तर मिळालं: हे दोन स्प्रेड उशिरा आले होते आणि वेगळ्या दिवशी स्कॅन झाले होते. पहिला गठ्ठा `Grayscale` मध्ये होता, दुसरा थेट काळ्या-पांढऱ्यात.

कारण असं की शाईची कड कधीच धारदार नसते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना मध्ये दोन-तीन पिक्सेल राखाडी असतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये यंत्र एक मर्यादा ठरवतं आणि त्यापेक्षा गडद ते सगळं काळं करतं. ही मर्यादा फिकटाकडे सरकली की दोन्ही बाजूंचा राखाडी भाग रेषेत जमा होतो आणि रेषा जाड होते. उलट सरकली की रेषा बारीक होते आणि फिकट रेषा तुटतात. शाई पसरणाऱ्या कार्ट्रिज कागदावर हा राखाडी पट्टा रुंद असतो, म्हणून तिथे फरक जास्त पडतो. गुळगुळीत कागदावर तो कमी पडतो.

संशय आला की चाचणी सोपी आहे. पहिल्या गठ्ठ्यातलं एक चित्र दुसऱ्या गठ्ठ्याच्या सेटिंगवर पुन्हा स्कॅन करा आणि तीच हनुवटी मोजा. १२ चे १५ झाले तर दोष स्कॅनचा, आणि चित्राला हात लावायची गरजच नाही. या पुस्तकात तेच झालं. दोन्ही स्प्रेड पुन्हा `Grayscale` मध्ये स्कॅन केल्यावर रेषा १२ वर आली. स्कॅनरच्या खिडकीतली आपोआप उजेड आणि धार सुधारण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती प्रत्येक पान बघून वेगळा निर्णय घेते. ढगाळ रात्रीचं काळंभोर पान आणि मोकळ्या शेताचं पांढरं पान तिला सारखं दिसत नाही.

इथेच एक सारखा फसवणारा प्रकार सांगतो, ज्यात रेषा जाड नसते, नुसती मऊ दिसते. काही पानांवर काळी रेषा वेगळी स्कॅन करून रंगांवर बसवलेली असते आणि काहींवर रेषा आणि जलरंग एकत्रच स्कॅन झालेले असतात. एकत्र स्कॅनमधली काळी रेषा छपाईत चारही शाईंच्या प्लेटवर विभागली जाते, आणि मशीनवर प्लेट केसभर जरी हलली तरी रेषेला रंगीत सावली येते. घरच्या प्रिंटवर हे दिसत नाही, म्हणून पीडीएफमध्येच बघायचं. अ‍ॅक्रोबॅटच्या `Output Preview` मध्ये `Process Black` ची खूण काढा. रेषा पूर्ण गायब झाली तर ती एकाच काळ्या प्लेटवर आहे. तपकिरी भूत मागे उरलं तर चारही प्लेटवर आहे. दोन्ही प्रकार चालतात, पण एकाच पुस्तकात मिसळलेले चालत नाहीत.

तारखेप्रमाणे सरकणारी रेषा

तिसरं कारण सगळ्यात नाजूक, कारण इथे बोलायचं ते चित्रकाराच्या हाताबद्दल.

आधी साधनाचं बघू. फायबर टोकाचं पेन झिजतं. खरखरीत कागदावर लवकर झिजतं, रेषा रुंद आणि किंचित फिकट होते. बोरूसारख्या बुडवायच्या निबची दोन पाती वापराने फाकतात आणि रेषा जाड होते. दोन्हींत बदल सावकाश होतो आणि नवं पेन घेतलं की एकदम मागे येतो. तारखेच्या क्रमाने आकडे लिहिले की करवतीच्या दात्यांसारखा नक्षा दिसतो: हळू चढ आणि एकदम उतार. असा नक्षा दिसला तर दोष निबचा. तो टाळायला प्रत्येक कागदाच्या कडेला, ब्लीडच्या बाहेर, चित्र सुरू करायच्या आधी एक छोटी पट्टी काढून घ्यावी: एक सरळ रेषा, एक वळण, एक निमुळती रेषा. पट्टीतली सरळ रेषा पहिल्या पानापेक्षा जाड दिसली की पेन बदलायचं. हीच पट्टी नंतर स्कॅनची चाचणी म्हणूनही कामाला येते.

हात मात्र जाडीत फारसा सापडत नाही. शैली सरकते ती दुसऱ्या जागी: रेषेची टोकं बोथट आहेत की निमुळती, कोपऱ्यात दोन रेषा मिळतात की फट राहते, एक वळण एका फटक्यात आलंय की तीन तुकड्यांत. शेळीच्या पुस्तकात पहिल्या आठवड्यात काढलेल्या स्प्रेडमध्ये सगळे कोपरे बंद होते, फ्रॉकची घडी पूर्ण रेषेने काढलेली होती. शेवटच्या चित्रांत तीच घडी दोन सुट्या फटकाऱ्यांत होती आणि कोपरे उघडे. जाडी दोन्हीकडे सारखी, ०.३६. मोजमापाने हे कधीच सापडलं नसतं.

ते सापडतं असं: प्रत्येक प्रिंटमधून तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, चेहरा टाळून. फक्त हात, फक्त गवत, फक्त कापडाची घडी. एकाच गोष्टीचे सगळे चौकोन एकत्र करायचे आणि पुस्तक न बघितलेल्या माणसाला सांगायचं, याचे दोन ढीग कर. त्याने ढीग करायचा प्रयत्न करून सोडून दिला तर शैली टिकलेली आहे. त्याने केलेले ढीग तारखांशी जुळले तर शैली सरकलीय, आणि कुठल्या तारखेला सरकली तेही कळतं. हे चित्रकाराच्या समोर करावं असं मला मनापासून वाटतं. "तुमची शैली बदलली" या वाक्याने माणूस दुखावतो, पण गवताचे दोन ढीग समोर असले की तो स्वतःच बोट ठेवून सांगतो.

सरकलेल्या दोन शैलींपैकी कुठली ठेवायची, हा प्रश्न मग येतो. बहुतेक वेळा नंतरची ठेवावी. तोवर पात्र हातात बसलेलं असतं, रेषा न अडखळता चालते. म्हणून पुन्हा काढायची ती सुरुवातीची चित्रं. पण ती लाइट बॉक्सवर गिरवून काढू नयेत. गिरवताना हात सावकाश चालतो, रेषा सगळीकडे एकसारखी आणि थोडी थरथरती येते, आणि पुस्तकात तिसरीच शैली तयार होते. लाइट बॉक्सवर फक्त पेन्सिलीने जागा आखून घ्याव्यात, मग दिवा बंद करून शाई चालवावी.

ज्याला दोष म्हणू नये

जवळचा चेहरा बारा सेंटिमीटरचा आणि टेकडीवरची मुलगी दोन सेंटिमीटरची. दोन्हींना ०.३६ चीच रेषा दिली तर लहान मुलगी काळवंडून जाते, डोळा आणि भुवई एकमेकांना चिकटतात. म्हणून कित्येक चित्रकार दूरच्या गोष्टींना मुद्दाम बारीक रेषा देतात. इतर काही जण सगळ्या पुस्तकाला एकच रेषा देतात आणि दूरच्या पात्रांतले तपशील कमी करतात, डोळा म्हणजे नुसता ठिपका. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तपासायचं एवढंच की पुस्तकभर नियम एक आहे का. दूरची मुलगी पान ६ वर बारीक रेषेत असेल आणि पान १८ वर तेवढीच लहान असून जाड रेषेत, तर तो दोष. जवळचं-दूरचं यांतला फरक हा दोष नाही, आणि सगळं ०.३६ वर आणण्याच्या भरात तो पुसून टाकू नये. वादळाच्या किंवा भीतीच्या प्रसंगात चित्रकाराने रेषा मुद्दाम रांगडी केली असेल तर तीही तशीच ठेवावी, फक्त ती मुद्दाम आहे ना, हे त्याला विचारून घ्यावं.

मुखपृष्ठ वेगळं धरावं. आतला कागद मॅपलिथो असेल तर शाई थोडी पसरते आणि रेषा भरीव दिसते. आर्ट कार्डवरच्या मुखपृष्ठावर तीच रेषा धारदार आणि किंचित बारीक येते. हा कागदाचा फरक आहे. तो घालवायला मुखपृष्ठाची फाइल बदलू नये, मशीनवरचं प्रूफ बघूनच ठरवावं.

पुन्हा काढलेली चित्रं स्कॅनला जातील तेव्हा जुन्यांपैकी एक चांगलं चित्र सोबत पाठवा आणि तेही त्याच सेटिंगवर नव्याने स्कॅन करायला सांगा. त्याची हनुवटी पुन्हा १२ पिक्सेल भरली तरच नव्या स्कॅनचे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहायचे.